जाहिरातीतला ‘असावा/वी’ कसा घालवायचा

एका सहकारी पतसंस्थेत काम करताना नोकरभरतीच्या जाहिराती आणि अर्जांचे नमुने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिली जाहिरात मी जुन्या फाइलमधून जशीच्या तशी उचलली. ती छापून आली त्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. “मी बी.कॉम. आहे, सहा वर्षं हेच काम करते आहे. पण तुम्हाला पुरुषच हवाय ना?” आम्हाला पुरुषच हवा होता असं मुळीच नव्हतं. जाहिरात पुन्हा वाचली, तेव्हा त्यांना तसं का वाटलं ते लक्षात आलं. पुढच्या वेळी मी प्रत्येक शब्दाला तिरपी रेघ देऊन ‘वी’, ‘ली’, ‘ची’ जोडत गेले. ती जाहिरात कोणावर अन्याय करत नव्हती, पण सलग वाचताही येत नव्हती.

तिसऱ्या प्रयत्नात जे सापडलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मराठीत लिंग सगळीकडे दिसत नाही. काही ठरावीक जागीच ते क्रियापदावर आणि विशेषणावर चढतं, आणि बाकीच्या जागी मराठी स्त्री-पुरुष असा भेद करतच नाही. वाक्य त्या बाकीच्या जागी नेलं की रेघेची गरज उरत नाही आणि वाक्य ओढूनताणून केलेलंही वाटत नाही.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- जाहिरातीचा किंवा अर्जाचा सध्याचा मजकूर, संगणकावर, शोधता येईल अशा रूपात
- पदाचं मंजूर नाव आणि पात्रतेच्या अटी (शासकीय कार्यालयात सेवाप्रवेश नियम, खासगी संस्थेत संचालक मंडळाचा ठराव)
- मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी दुसरी एखादी व्यक्ती

१. आधी लिंग कुठे चिकटलंय ते शोधा

आमचा जुना मजकूर असा होता:

> पतसंस्थेसाठी लेखापाल पाहिजे. उमेदवार वाणिज्य शाखेचा पदवीधर व किमान ३ वर्षे अनुभव असलेला असावा. तो संगणकावर मराठी टंकलेखन करणारा असावा. ज्याला सहकार खात्याच्या कामाची माहिती असेल त्याला प्राधान्य दिले जाईल. निवड झालेला उमेदवार १५ दिवसांत हजर झाला पाहिजे, अन्यथा त्याची निवड रद्द समजली जाईल.

याला रेघा दिल्या की ‘शाखेचा/ची पदवीधर’, ‘असलेला/ली असावा/वी’, ‘तो/ती’, ‘करणारा/री असावा/वी’, ‘ज्याला/जिला’, ‘त्याला/तिला’, ‘झालेला/ली उमेदवार’, ‘झाला/ली पाहिजे’, ‘त्याची/तिची’ असं होतं. ४ वाक्यांत ११ रेघा. शिवाय स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसवणाऱ्या माणसाला या ११ ठिकाणी जागा नाहीच.

संगणकावर शोधताना हे शब्द एकेक करून शोधा: असावा, झालेला, असलेला, णारा, ज्याला, ज्याने, त्याला, त्याने, त्याचा, त्याची, करतो. आणि अर्थात ‘/’ हे चिन्ह. जिथे जिथे सापडेल तिथे खूण करा, लगेच दुरुस्त करू नका. खुणा केल्यावर दिसेल की जवळपास सगळ्या खुणा एकाच प्रकारच्या जागी आहेत: ‘उमेदवार’ हा शब्द कोणताही प्रत्यय न लागता वाक्याचा कर्ता झाला आहे, किंवा उमेदवाराबद्दल बोलणारं एकवचनी सर्वनाम आलं आहे.

२. कर्त्याला प्रत्यय लावा

ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘उमेदवार हजर झाला’ म्हटलं की क्रियापद उमेदवाराच्या लिंगाप्रमाणे बदलतं. पण ‘उमेदवाराने हजर व्हावे’ म्हटलं की बदलत नाही. ‘ने’ लागल्यावर क्रियापदाची कर्त्याशी असलेली गाठ सुटते. ते एकतर कर्माशी बांधलं जातं (‘उमेदवाराने अर्ज भरावा’, ‘उमेदवाराने प्रत जोडावी’), किंवा कोणाशीच नाही (‘उमेदवाराने वेळेवर यावे’). शाळेत आपण याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणायचो. ‘भरावा’मधला पुल्लिंगी ‘आ’ अर्जाचा आहे, उमेदवाराचा नाही, त्यामुळे तो वाचणाऱ्या कोणालाही खटकत नाही.

त्याच प्रत्ययाने दुसरं कामही होतं. विशेषणाचा शेवट बदलतो आणि त्यातही लिंग उरत नाही. ‘निवड झालेला उमेदवार’ आणि ‘निवड झालेली उमेदवार’ वेगळे, पण ‘निवड झालेल्या उमेदवाराने’ दोघांसाठी एकच. ‘ज्याने’ आणि ‘जिने’ वेगळे, पण ‘ज्या उमेदवाराने’ एकच. म्हणजे सुटं सर्वनाम वापरू नका, त्याच्यापुढे नाम ठेवा.

काही जोड्या पाहा:

- निवड झालेला/ली उमेदवार १५ दिवसांत हजर झाला/ली पाहिजे → निवड झालेल्या उमेदवाराने १५ दिवसांत हजर व्हावे
- ज्याला/जिला माहिती असेल त्याला/तिला प्राधान्य → माहिती असलेल्यांना प्राधान्य
- जो/जी पात्र ठरेल त्याला/तिला कळवू → पात्र ठरलेल्या उमेदवारांना कळवू

इथे एक सापळा आहे आणि त्यात मीही सापडले. मला वाटलं, अनेकवचन केलं की भागतं. म्हणून ‘उमेदवार पदवीधर असावेत’ असं लिहिलं. पण ‘असावेत’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे, स्त्रियांबद्दल बोलताना आपण ‘असाव्यात’ म्हणतो. नुसत्या अनेकवचनाने काम होत नाही, प्रत्ययही लागतो. ‘उमेदवारांनी’, ‘उमेदवारांना’, ‘उमेदवारांकडे’, ‘इच्छुकांनी’ यांपैकी काहीतरी हवं. याला अपवाद दोन: वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ. ‘उमेदवार अर्ज करतात’, ‘उमेदवार पात्र ठरतील’ ही रूपं दोन्हींना सारखीच आहेत, तिथे प्रत्यय नसला तरी चालतं.

३. माणसाऐवजी पात्रतेला वाक्याचा कणा करा

‘उमेदवार वाणिज्य शाखेचा पदवीधर असावा’ या वाक्यात खरी अट पदवीची आहे. मग वाक्य पदवीवरच उभं करा: ‘उमेदवाराकडे वाणिज्य शाखेची पदवी असावी.’ ‘असावी’ पदवीसाठी आलं आहे. ‘टंकलेखन करणारा असावा’ऐवजी ‘टंकलेखन येणे आवश्यक आहे’. ‘बाहेरगावी जाणारा हवा’ऐवजी ‘बाहेरगावी जाण्याची तयारी हवी’. पदाच्या बाबतीतही तेच. ‘लेखापाल पाहिजे’ऐवजी ‘लेखापालाचे १ पद भरायचे आहे’ म्हटलं की वाक्य ‘पद’ या नपुंसकलिंगी शब्दावर तोललं जातं.

या पायरीचा फायदा लिंगापुरताच नाही, अटही स्पष्ट होते. ‘टंकलेखन करणारा’ म्हणजे किती वेगाने, कोणत्या प्रमाणपत्रासह? वाक्य कौशल्यावर आणलं की हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

विशेषण निवडताना एक साधी खूण पुरते. ‘आ’ने संपणारं विशेषण बदलतं (चांगला, जाणता, बोलका), बाकीची बहुतेक बदलत नाहीत: अनुभवी, कुशल, होतकरू, प्रामाणिक, इच्छुक, पात्र, तज्ज्ञ. ‘अनुभवी व होतकरू उमेदवारांनी अर्ज करावेत’ या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

‘व्यक्ती’ हा शब्दही उपयोगी आहे, पण जपून वापरा. तो स्वतः स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘व्यक्ती’च्या पुढे ‘तो’, ‘त्याने’ आलं की वाक्य मोडतं. ‘ज्या व्यक्तीने अर्ज केला आहे, त्याने प्रत जोडावी’ हे मी एका छापील नमुन्यात वाचलं आहे. सरळ ‘अर्ज करणाऱ्या व्यक्तीने प्रत जोडावी’ लिहा.

४. सर्वनाम गाळा, नाहीतर ‘त्यांनी’ म्हणा

‘अन्यथा त्याची निवड रद्द समजली जाईल’ इथे ‘त्याची’ लागतंच कशाला? उमेदवार आधीच्याच शब्दांत येऊन गेला आहे. मराठीत सर्वनाम गाळलेलं वाक्य पूर्ण वाटतं, ती आपल्या भाषेची जुनी सोय आहे. जिथे गाळता येत नाही तिथे ‘त्यांनी’, ‘त्यांचा’, ‘त्यांना’. एका माणसाबद्दल आदराने अनेकवचन वापरणं आपल्याकडे रोजचं आहे, त्यामुळे ‘निवड झालेल्या उमेदवाराने हजर व्हावे व त्यांनी मूळ कागदपत्रे सोबत आणावीत’ यात ‘त्यांनी’ खटकत नाही. मात्र पुढे भूतकाळ आणू नका. ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ पुन्हा वेगळे होतात.

जाहिरात वाचकाशी थेट बोलत असेल तर काम आणखी सोपं. ‘तुम्ही अर्ज करू शकता’, ‘प्रत जोडा’, ‘मुलाखतीला या’ यांत लिंग येतच नाही. खासगी संस्थेच्या जाहिरातीला हा सूर शोभतो, शासकीय परिपत्रकाला सहसा नाही.

चारही पायऱ्यांनंतर आमची जाहिरात अशी झाली:

> पतसंस्थेत लेखापालाचे १ पद भरायचे आहे. उमेदवाराकडे वाणिज्य शाखेची पदवी आणि किमान ३ वर्षांचा अनुभव असावा. संगणकावर मराठी टंकलेखन येणे आवश्यक आहे. सहकार खात्याच्या कामाची माहिती असलेल्यांना प्राधान्य दिले जाईल. निवड झालेल्या उमेदवाराने १५ दिवसांत हजर व्हावे, अन्यथा निवड रद्द समजली जाईल.

एकही रेघ नाही, आणि मजकूर जुन्यापेक्षा वाढलेला नाही.

५. पदनाम बदलता येतं का ते आधी पाहा

अधिकारी, कर्मचारी, सहायक, लिपिक, प्रतिनिधी, समन्वयक, प्रमुख, मदतनीस, कामगार ही नावं आज कोणासाठीही सहज वापरली जातात. अडचण येते ती ज्यांच्या जोड्या रूढ आहेत त्यांची: शिक्षक-शिक्षिका, मुख्याध्यापक-मुख्याध्यापिका, सेवक-सेविका. आणि ज्यांचं एकच रूप रूढ आहे त्यांची: परिचारिका.

खासगी संस्थेत तुम्ही नाव बदलू शकता. ‘परिचारिका पाहिजेत’ऐवजी ‘परिचर्या कर्मचाऱ्यांची ४ पदे’ किंवा सरळ ‘नर्सची ४ पदे’. शासकीय किंवा अनुदानित संस्थेत पदनाम मंजूर आकृतिबंधात आणि सेवाप्रवेश नियमांत असतं, ते जाहिरात लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. तिथे नाव तसंच ठेवा आणि भोवतालचं वाक्य दुरुस्त करा: ‘शिक्षकाच्या ३ पदांसाठी अर्ज मागवण्यात येत आहेत.’ ‘शिक्षक/शिक्षिका’ लिहावंसं वाटलं तर मथळ्यात एकदाच लिहा, खाली प्रत्येक ओळीत नको. नावं बदलायला वरूनच निर्णय व्हावा लागतो. ‘ग्रामसेवक’ आणि ‘ग्रामविकास अधिकारी’ ही पदं एकत्र करून २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव दिलं. त्या निर्णयामागे लिंगाचा विचार होता असं नाही, पण नव्या नावात ‘सेवक की सेविका’ हा प्रश्न उरला नाही.

६. अर्जाचा नमुना: ‘करतो/करते’ खोडायला लावू नका

अर्जात अडचण वेगळी असते, कारण तिथे ‘मी’ बोलत असतो. आपल्याकडचा नेहमीचा स्वयंघोषणेचा मजकूर साधारण असा असतो:

> मी, श्री./श्रीमती ____, श्री. ____ यांचा/ची मुलगा/मुलगी/पत्नी, राहणार ____, असे जाहीर करतो/करते की, मी या पदासाठी लागणारी परीक्षा उत्तीर्ण झालो/झाले आहे, मी सध्या कोठेही नोकरी करत नाही, आणि वरील माहिती खोटी आढळल्यास कारवाईस पात्र राहीन.

‘जे लागू नसेल ते खोडा’ अशी टीप खाली असते आणि निम्मे लोक काहीच खोडत नाहीत. मग तो कागद कोणाच्या वतीने बोलतो तेच कळत नाही.

आता याच मजकुरात ‘करत नाही’ आणि ‘राहीन’ या दोन शब्दांना रेघ का लागली नाही ते पाहा. वर्तमानकाळातला नकार आणि भविष्यकाळ, दोन्हींत पहिल्या पुरुषाचं रूप सर्वांना सारखंच आहे. चालू काळही तसाच: ‘मी जाहीर करत आहे’ कोणीही म्हणू शकतं. हिंदीत ‘कर रहा हूँ, कर रही हूँ’ असा भेद करावा लागतो, मराठीत लागत नाही. हिंदीवरून भाषांतर केलेल्या नमुन्यांत ही सोय वाया गेलेली दिसते.

म्हणून अर्जासाठी एवढं लक्षात ठेवा:

- करतो/करते → करत आहे
- राहतो/राहते → राहणार किंवा रहिवासी आहे
- उत्तीर्ण झालो/झाले आहे → परीक्षा उत्तीर्ण केली आहे
- अमुक पदावर होतो/होते → अमुक पदावर काम केले आहे
- मान्य करतो/करते → मला मान्य आहे

दुरुस्त मजकूर:

> मी, ____ (संपूर्ण नाव), राहणार ____, असे जाहीर करत आहे की, मी या पदासाठी लागणारी परीक्षा उत्तीर्ण केली आहे, मी सध्या कोठेही नोकरी करत नाही, आणि वरील माहिती खोटी आढळल्यास कारवाईस पात्र राहीन.

सहीच्या जागी ‘अर्ज करणाऱ्याची सही’ असेल तर ‘अर्जदाराची सही’ करा. ‘करणाऱ्या’ पुढे नाम असेल तरच सर्वांना चालतं, एकटं आलं की ते पुल्लिंगी होतं.

७. रकाने तपासा

‘पती/वडिलांचे नाव’ हा रकाना पाहिला की आधी विचारा, हे नाव कशासाठी लागतं? ओळख पटवण्यासाठी लागत असेल तर ‘आईचे नाव’ आणि ‘वडिलांचे नाव’ असे दोन वेगळे रकाने सर्वांसाठी ठेवा. अडचणीच्या वेळी संपर्कासाठी हवं असेल तर ‘संपर्काच्या व्यक्तीचे नाव व नाते’ पुरतं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने नोंदवायची असा राज्य शासनाचा निर्णय आहे. ती मुलं अर्ज करतील तेव्हा आईच्या नावाला जागा नसलेला नमुना त्यांच्या कागदपत्रांशी जुळणार नाही, म्हणून आताच रकाना ठेवलेला बरा.

‘श्री./श्रीमती/कुमारी’ हा रकाना काढून टाका. स्त्रीचा विवाह झाला आहे की नाही हे नावाच्या आधीच विचारलं जातं, पुरुषाला ते विचारलं जात नाही.

लिंगाचा रकाना आरक्षणासाठी किंवा नोंदीसाठी खरोखर लागत असेल तरच ठेवा, आणि तिसरा पर्याय द्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली, आणि २०१९ च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात हा पर्याय नव्हता, तो प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शासकीय भाषेत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे, अनेकांना ‘पारलिंगी’ जवळचा वाटतो. ‘इतर’ हा शब्द मात्र नको, तो माणसाला यादीबाहेर काढतो.

८. जिथे लिंग लिहायलाच हवं तिथे पुसू नका

राज्य शासनाच्या भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. तिथे ‘महिला उमेदवारांसाठी राखीव’ असं ठळक लिहायला हवं. प्रसूती रजेचंही तसंच. सर्वसमावेशक लिहिण्याच्या भरात एका मसुद्यात मी ‘राखीव उमेदवारांसाठी’ एवढंच ठेवलं होतं, आणि राखीव म्हणजे कोणासाठी तेच त्यातून गेलं.

याच्या उलट, व्याकरण निर्दोष असूनही अट पक्षपाती असू शकते. ‘स्वागतकक्षासाठी तरुण, आकर्षक व्यक्ती हवी’ यात एकही रेघ नाही, पण कोण हवं आहे ते सगळ्यांना कळतं. कामाचं स्वरूप लिहा: फोन घेणे, नोंदी ठेवणे, मराठी आणि इंग्रजी बोलता येणे. समान वेतन कायदा, १९७६ च्या कलम ५ ने सारख्या स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली होती, आणि वेतन संहिता, २०१९ मध्ये हे तत्त्व पुढे आणलं आहे.

९. मोठ्याने वाचून घ्या, मग मंजुरीला पाठवा

दुरुस्त मजकूर दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या आणि तुम्ही फक्त ऐका. वाचणारी व्यक्ती जिथे अडखळते तिथे वाक्य अजून कच्चं आहे. बहुतेक वेळा दोष हा सापडेल: सगळीच वाक्यं ‘करण्यात यावे’, ‘करण्यात येईल’, ‘आवश्यक आहे’ अशी संपतात. लिंग टाळताना हात या ठोकळ्यांकडे वळतो. त्यातली दोन-तीन वाक्यं ‘उमेदवाराने … करावे’ किंवा ‘… हवे’ अशी फिरवा. मजकूर मोकळा होतो.

मंजुरीच्या टप्प्यावर मला नेहमी एकच आक्षेप ऐकू आला: “कायद्यात पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही येतं, मग हे कशाला?” बरोबर आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम १३ मध्ये तसं म्हटलं आहे. पण ते कायद्याचा अर्थ लावण्यासाठी आहे, आणि जाहिरात वाचून फोन करायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात ते कलम नसतं. हे सांगून पटवण्यापेक्षा मी आता जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी छापून पाठवते, आणि प्रत्येक बदललेल्या वाक्यापुढे ‘अट तीच, शब्द बदलले’ असं लिहिते. अट बदललेली नाही याची खात्री पटली की सही होते.